दुरुस्तीचं कलम हेही भाडंच

पत्र जेमतेम एका पानाचं असतं. ‘आपला लिव्ह अँड लायसन्स करार येत्या ३१ मार्च रोजी संपत आहे. पुढील ६० महिन्यांसाठी प्रस्ताव असा : मासिक शुल्क रु. ७५,०००. दरवर्षी ७ टक्के वाढ. जागेची सर्व दुरुस्ती व देखभाल, तसेच सोसायटीचे सर्व आकार आपल्याकडे. पंधरा दिवसांत संमती कळवावी.’ खाली मालकांची सही.

हे पत्र हातात पडलं की कार्यालयात चर्चा सुरू होते ती ७५ हजारांची. दलालाला फोन जातो, शेजारच्या मजल्यावर चौकशी होते, ‘सत्तरला तयार होतील का’ याचा अंदाज घेतला जातो. मालक दोन-तीन हजार कमी करतात, चहा होतो आणि उरलेल्या दोन ओळींवर न बोलताच नवा करार टाइप व्हायला जातो. माझं म्हणणं असं आहे की या तिन्ही ओळी मिळून एकच भाडं सांगतात. पहिल्या ओळीवर घासाघीस करून वाचवलेले पैसे दुसरी आणि तिसरी ओळ सहज परत घेऊन जाते. कसे, ते एका उदाहरणाने पाहू.

पुण्यात कर्वे रस्त्याच्या आसपास, वीस-बावीस वर्षं जुन्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर एक कार्यालय आहे असं धरू. कार्पेट क्षेत्र ९०० चौरस फूट. आत आठ माणसांची, दोन भागीदारांची अभियांत्रिकी सल्लागार फर्म. मालक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, भाड्यावर त्यांच्या घरखर्चाचा मोठा भाग चालतो. पाच वर्षांपूर्वी भाडं ५०,००० ठरलं होतं आणि दरवर्षी ५ टक्के वाढ होती, त्यामुळे आज फर्म ६०,७७५ रुपये भरते. मालकांची मागणी म्हणजे एका रात्रीत २३ टक्क्यांहून अधिक उडी. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण पुण्या-मुंबईत ज्यांनी जागा भाड्याने घेतल्या-दिल्या आहेत त्यांना ते ओळखीचे वाटतील.

आधी पहिली ओळ. दलाल सांगतो, ‘या पट्ट्यात ६० रुपये फूट चालू आहे, मालक बरोबरच मागतायत.’ ६० रुपये कशाच्या फुटाला, हा इथला प्रश्न. या जागेचं कार्पेट ९००, पण जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा धरून कागदावर क्षेत्र १,२५० चौरस फूट आहे. ७५,००० भागिले १,२५० म्हणजे ६० रुपये, आणि तेच ७५,००० भागिले ९०० म्हणजे ८३ रुपये. लोडिंग, म्हणजे हा वरचा वाटा, प्रत्येक इमारतीत वेगळा असतो. त्यामुळे बिल्टअपच्या दरांची तुलना करण्यात अर्थ नाही. दोन चौक पलीकडच्या इमारतीतली जागा ५६ रुपये दराने गेली आणि तिचं कागदावरचं क्षेत्र १,४००, कार्पेट १,०५० असेल, तर भाडं झालं ७८,४००, आणि प्रत्यक्ष वापरायच्या फुटाला दर पडला ७५ रुपयांच्या आतच. तो दर आपल्या ९०० फुटांना लावला की भाडं ६७,२०० येतं. ‘आम्हाला ६८,००० परवडतील’ असं म्हणताना या गणिताचा कागद सोबत जोडला, तर त्याला घासाघीस म्हणत नाहीत.

ही तुलनेची माहिती मिळते कुठे? दलालाच्या तोंडून मिळते तशीच ती सरकारी नोंदीतही असते. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची सूची क्रमांक दोन निघते आणि राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. जवळपासच्या इमारतींमधले तीन-चार अलीकडचे करार काढले की खरे आकडे समोर येतात. बहुतेक भाडेकरू हे करत नाहीत आणि बहुतेक मालकही करत नाहीत, त्यामुळे दोघांचाही भरवसा ऐकीव दरावर असतो.

आता दुसरी ओळ. टक्केवारी लहान दिसते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. मालकांच्या प्रस्तावाप्रमाणे ७५,००० वर दरवर्षी ७ टक्के धरले, तर पाचव्या वर्षी भाडं ९८,३१० रुपये होतं आणि पाच वर्षांत मिळून ५१ लाख ७५ हजारांच्या वर रक्कम जाते. फर्मने ६८,००० आणि ५ टक्के असा प्रतिप्रस्ताव दिला, तर पाच वर्षांची बेरीज ४५ लाख ९ हजारांच्या आसपास येते. इथवर अपेक्षेप्रमाणेच आहे. पण तिसरा पर्याय पाहा : सुरुवातीचं भाडं ७०,०००, ते पहिली तीन वर्षं तसंच, मग एकदाच १५ टक्के वाढ, म्हणजे शेवटची दोन वर्षं ८०,५००. पाच वर्षांची बेरीज ४४ लाख ५२ हजार.

म्हणजे महिन्याला दोन हजार जास्त कबूल करूनही फर्मचे पाच वर्षांत सुमारे ५७ हजार रुपये वाचतात. पहिल्या वर्षी २४ हजार जास्त जातात, दुसऱ्या वर्षी १६,८०० परत येतात, तिसऱ्या वर्षी जवळजवळ ६० हजारांचा फरक फर्मच्या बाजूला पडतो. चौथ्या वर्षी पुन्हा २१ हजार जास्त, पाचव्या वर्षी २६ हजार कमी. ‘दर तीन वर्षांनी १५ टक्के’ आणि ‘दरवर्षी ५ टक्के’ हे बाजारात एकच समजून बोललं जातं, पण ते एक नाही. दरवर्षीची वाढ दुसऱ्या वर्षापासूनच वसूल होऊ लागते, आणि वाढीवर वाढ चढत जाते.

मालक याला तयार का होतील? त्यांना लगेच, पहिल्याच महिन्यात, आजच्या ६०,७७५ वरून ७०,००० मिळतात. घरखर्च भाड्यावर चालवणाऱ्या माणसाला हाती येणारी मोठी रक्कम लांबच्या टक्क्यांपेक्षा जवळची वाटते, आणि ते बरोबरही आहे. शिवाय जागा रिकामी झाली तर काय, हे गणित त्यांनीही मांडून पाहावं. नवा भाडेकरू ७५,००० देणारा मिळाला, पण मिळायला तीन महिने लागले आणि दलालाला एक महिन्याचं भाडं द्यावं लागलं, तर तीन लाख रुपये गेले. ते ६० महिन्यांवर पसरले की महिन्याला पाच हजार होतात. नव्या माणसाकडचे ७५,००० आणि जुन्या माणसाकडचे ७०,००० मग एकाच पातळीवर येतात. रंगकाम आणि रिकाम्या जागेचा मेंटेनन्स यात धरलेला नाही.

वाढीच्या ओळीत आणखी एक बारकावा आहे. ‘दरवर्षी ५ टक्के वाढ’ एवढंच लिहिलं तर ती कशावर? मूळ ६८,००० वर, की त्या-त्या वेळी चालू असलेल्या भाड्यावर? मूळ रकमेवर धरली तर पाच वर्षांत ४४ लाख ८८ हजार होतात, चालू रकमेवर धरली तर २१ हजार जास्त. रक्कम फार मोठी नाही, पण तिसऱ्या वर्षी यावरून होणारी वादावादी त्यापेक्षा महाग पडते. उपाय सोपा आहे. टक्केवारीबरोबर करारात तक्ताच घालावा : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मासिक शुल्क इतके. तक्ता असला की अर्थ लावायला जागा उरत नाही.

आता तिसरी ओळ, आणि माझ्या मते सगळ्यांत महागडी.

‘जागेची सर्व दुरुस्ती व देखभाल आपल्याकडे.’ वाचताना डोळ्यांसमोर काय येतं? गळणारा नळ, जळालेली ट्यूब, एसीचं सर्व्हिसिंग. हे तर भाडेकरू करतोच. पण ‘सर्व’ या शब्दात छतही येतं, भिंतीतली पाइपलाइनही येते, मुख्य वायरिंगही येतं. शेजारी ‘सोसायटीचे सर्व आकार’ ही ओळ आहे, आणि तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सोसायटीच्या बिलात दर महिन्याचा सेवा आकार असतो : सफाई, पहारेकरी, लिफ्ट, सामाईक वीज. तो जागा वापरणाऱ्याने भरावा हे रास्त आहे. पण त्याच बिलात सिंकिंग फंड असतो, दुरुस्ती निधी असतो. आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी आणि पाऊण टक्का दुरुस्ती व देखभाल निधीसाठी धरलेला आहे. हा पैसा इमारतीचं आयुष्य वाढवण्यासाठी साठवला जातो. इमारत मालकांची आहे, सभासद मालक आहेत, फर्मला पाच वर्षांनी त्यातलं काहीच मिळणार नाही.

त्यात इमारत वीस वर्षांची. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा करायचं असतं आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी. परीक्षणाचा अहवाल आला की गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरच्या भिंतींचं प्लास्टर, खांबांची दुरुस्ती यांची यादी येते, मग सर्वसाधारण सभेत ठराव होतो आणि प्रत्येक सभासदाच्या नावावर विशेष वर्गणी पडते. ‘सर्व आकार’ असं लिहून दिलेल्या भाडेकरूकडे ती वर्गणीची पावती येते. उदाहरणातल्या जागेचा वाटा दीड लाख आला, आणि त्याच पाच वर्षांत मालकांचे दोन जुने एसी बदलायला प्रत्येकी ४५ हजार लागले, तर २ लाख ४० हजार होतात. ६० महिन्यांवर वाटले तर महिन्याला ४,०००. मालकांच्या पत्रातलं ७५,००० चं भाडं खरं ७९,००० चं होतं, फक्त ते ४,००० पहिल्या ओळीत दिसत नाहीत.

कराराचा प्रकार इथे फार महत्त्वाचा ठरतो, आणि याची जाणीव फार थोड्यांना असते. जागा रीतसर भाडेपट्ट्याने घेतली असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मधलं कलम १०८ भाडेकरूच्या मदतीला येतं. जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. परत देताना जागा सुस्थितीत द्यायची, पण रोजच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. मात्र आपल्याकडची बहुसंख्य छोटी कार्यालयं भाडेपट्ट्यावर नसून लिव्ह अँड लायसन्सवर असतात, आणि लायसन्सला भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ लागू होतो. त्यात मालकावर दोन गोष्टींचं बंधन आहे : वापरणाऱ्याला धोका होईल असा, स्वतःला ठाऊक असलेला दोष त्याला सांगणं, आणि जागा धोकादायक होईल असं काही न करणं. दुरुस्ती करून देण्याचं आणि खर्च वळता करण्याचं कलम १०८ सारखं तयार कलम तिथे नाही. म्हणून लायसन्सच्या करारात दुरुस्तीबद्दल जे लिहिलं नाही, ते मागताना हातात फारसं काही उरत नाही.

आता त्या कार्यालयात जाऊ. बैठकीच्या खोलीत, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, छताला ताटाएवढा पिवळसर डाग आहे. कडा तपकिरी, मध्ये रंगाचे पोपडे सुटलेले, खाली टेबलावर अधूनमधून पांढरी भुकटी पडते. मालक म्हणतात, ‘तुमच्या एसीचं पाणी आहे.’ फर्म म्हणते, ‘गच्ची गळतेय.’ गेली दोन वर्षं हेच चाललंय, आणि नव्या करारात ‘सर्व दुरुस्ती आपल्याकडे’ आलं की वाद संपणार आहे, फर्मच्या खर्चाने.

हा डाग कुणाचा, हे ठरवता येतं. पावसाळ्यात वाढतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पूर्ण वाळतो तर पाणी गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून येतंय. बाराही महिने सारखाच ओला राहतो तर वरून जाणाऱ्या पाण्याच्या पाइपकडे किंवा गच्चीवरच्या टाकीकडे पाहावं. पावसाशी संबंध नाही, पण उन्हाळ्यात एसी दिवसभर चालला की संध्याकाळी ओल दिसते, तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे किंवा तिला उतार नाही. खात्री करायची असेल तर कोरड्या दिवसांत गच्चीच्या त्या भागाभोवती मातीचा किंवा सिमेंटचा छोटा बांध घालून दीड-दोन इंच पाणी दोन दिवस उभं ठेवतात आणि एसी बंद ठेवतात. डाग गडद झाला तर प्रश्न मिटला. सोसायटीच्या सचिवांना सांगून, मालकांसमोर ही चाचणी केली आणि तारखेसह फोटो काढले की पुढचं सगळं सोपं होतं, कारण गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून आणि सामाईक पाइपमधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने करायची असते. मग मालकांनाही खिशातून खर्च नाही, फक्त सभासद म्हणून सोसायटीला पत्र द्यायचं आहे. ते पत्र फर्म देऊ शकत नाही, कारण फर्म सभासद नाही. म्हणूनच ‘सोसायटीकडे पाठपुरावा मालकांनी करायचा’ एवढं वाक्य करारात असावं लागतं.

मी फर्मच्या जागी असतो तर उत्तराच्या पत्रात दुरुस्तीचं कलम असं लिहिलं असतं : ‘इमारतीची रचना, छत, बाहेरील भिंती, भिंतीतील पाइपलाइन, मुख्य विद्युत वाहिनी व मीटर यांची दुरुस्ती मालकांकडे. दिवे, नळ, कुलपे, आतील रंग व वातानुकूलन यंत्रांची वर्षातून दोनदा देखभाल लायसेन्सीकडे. एका वेळच्या दुरुस्तीचा खर्च रु. ५,००० पर्यंत असल्यास तो लायसेन्सीने करावा, त्यापेक्षा अधिक असल्यास मालकांनी. लेखी कळविल्यापासून १५ दिवसांत मालकांनी काम सुरू न केल्यास लायसेन्सीने ते करून, बिले देऊन, खर्च पुढील मासिक शुल्कातून वळता करावा. सोसायटीचा मासिक सेवा आकार लायसेन्सीकडे. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, विशेष वर्गणी व मिळकतकर मालकांकडे.’

यातला शेवटून दुसरा भाग, म्हणजे खर्च वळता करण्याचा अधिकार, हाच या कलमाचा जीव आहे. कायद्याने न दिलेला हक्क दोन्ही पक्ष करारात लिहून देऊ शकतात. आणि ५,००० च्या मर्यादेमुळे दर नळामागे मालकांना फोन करावा लागत नाही, हे मालकांच्याही सोयीचं आहे. एसीबाबत मात्र एक गोष्ट आधी पाहावी. यंत्र कोणाचं आहे आणि किती वर्षांचं? मालकांचे एसी आठ-दहा वर्षांचे असतील तर पुढच्या पाच वर्षांत कॉम्प्रेसर जाण्याची शक्यता भरपूर आहे. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतोय का, हे सर्व्हिसिंगच्या पावत्यांवरून कळतं. लागत असेल तर तांब्याच्या नळीला गळती आहे आणि ते यंत्र शेवटाकडे चाललं आहे. त्याची देखभाल फर्मने करावी, पण बदलायचा खर्च मालकांचा, असं स्पष्ट लिहावं.

अग्निसुरक्षेचा मुद्दाही याच कलमात बसतो. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यायचा असतो. कायदा मालक आणि कब्जेदार दोघांकडेही बोट दाखवतो. सामाईक यंत्रणा सोसायटीची, आतली अग्निशामक नळकांडी फर्मची, अशी वाटणी करारात असली की नोटीस आल्यावर एकमेकांकडे ढकलाढकली होत नाही.

मालकांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. दुरुस्ती भाडेकरूवर टाकणारे सगळे मालक लोभी नसतात. अनेकांना खरंच भीती असते की भाडेकरू क्षुल्लक कारणाने बिलं पाठवत राहील. पण आयकराची बाजू त्यांनी विचारात घ्यावी. घरभाड्याप्रमाणेच कार्यालयाच्या भाड्याच्या उत्पन्नातूनही मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग मालकाने दुरुस्तीवर एक रुपया खर्च केलेला असो वा नसो. करातली ही सवलत मालक दुरुस्ती करतो हे गृहीत धरूनच दिली आहे. वजावट घ्यायची आणि छताचा खर्चही भाडेकरूकडून घ्यायचा, हे मला न्याय्य वाटत नाही.

नूतनीकरणात नेमकी हातून सुटणारी गोष्ट म्हणजे ‘मूळ स्थिती’. पहिल्या करारात लिहिलेलं असतं की जागा मूळ स्थितीत परत द्यायची. पाच वर्षांनी नवा करार होतो, त्यातही तेच वाक्य येतं. आता मूळ स्थिती कोणत्या दिवसाची? दहा वर्षांनी जागा सोडताना मालक पहिल्या दिवसाचे फोटो काढतात आणि डिपॉझिटमधून फरशी, रंग, दरवाजे यांचे पैसे कापायला बसतात. यासाठी नव्या कराराआधी दोघांनी मिळून जागा फिरून पाहावी, प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढावेत, डाग, तडे, सैल फरश्या लिहून काढाव्यात आणि दोघांनी सही करून ती यादी कराराला जोडावी. ‘या यादीतील स्थिती हीच मूळ स्थिती समजावी, नेहमीच्या वापराची झीज वगळून’ एवढं एक वाक्य पुरतं. फर्मने स्वतःच्या खर्चाने केलेलं पार्टिशन, केबलचं जाळं, फॉल्स सीलिंग हे कोणाचं आणि जाताना काढायचं की ठेवायचं, तेही याच यादीत यावं. जुनं डिपॉझिट नव्या करारात वळतं होणार असेल तर तशी रक्कम लिहावी. नाहीतर जुन्या कराराची मुदत संपली आणि नव्यात फक्त वाढीव रकमेचा उल्लेख, असा घोळ होतो.

जीएसटीबद्दल थोडक्यात. व्यावसायिक जागेच्या भाड्यावर १८ टक्के कर आहे. मालक नोंदणीकृत असतील तर ते बिलात लावतात. मालकांची उलाढाल २० लाखांच्या आत आणि नोंदणी नाही, पण फर्मची आहे, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून हा कर फर्मने स्वतः सरकारला भरायचा आहे, आणि बहुतेक फर्मना तो क्रेडिटमध्ये परत मिळतो. डॉक्टरांसारख्या, ज्यांची सेवा करमुक्त आहे, त्यांच्या दवाखान्याला मात्र मालकांनी लावलेला १८ टक्के कर क्रेडिटमध्ये परत मिळत नाही, तो सरळ खर्चात जातो. त्यांनी प्रस्ताव वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा : आकडा करासह की कराशिवाय?

वेळेचं काय? मार्चअखेर करार संपत असेल तर नोव्हेंबरमध्ये बोलणी सुरू व्हावीत. फेब्रुवारी उजाडला की भाडेकरूकडे दुसरी जागा शोधून, आत सामान लावून, नोंदणीचे पत्ते बदलायला वेळ उरत नाही, आणि मालकांना ते माहीत असतं. करार संपल्यानंतर ‘बोलणी चालू आहेत’ म्हणून बसून राहणं सर्वांत वाईट. राहण्याच्या जागेसाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधलं कलम २४ मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट भरपाईची तरतूद करतं. ते कलम कार्यालयाला लागू नाही, पण कार्यालयाच्या करारांतही मालक तशीच, कधी त्याहून कडक अट लिहून घेतात. जुना करार काढून ती ओळ वाचावी. नव्या पत्रावर तोंडी ‘हो’ म्हणू नये. उत्तर लेखी द्यावं आणि त्यात तिन्ही ओळींना एकत्र उत्तर असावं. फर्मच्या प्रतिप्रस्तावात ७०,००० चं भाडं, तीन वर्षांनी १५ टक्के, वर लिहिलेलं दुरुस्तीचं कलम, आणि एक अट अशी असावी की छताची गळती १ एप्रिलपूर्वी थांबवून द्यावी. भाड्यात दोन हजार वाढवून दिले आहेत ते कशासाठी, हे मालकांना त्या एका पानात दिसलं पाहिजे.

शेवटी नोंदणी. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का लागतं : मुदतीतलं सगळं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर. आपल्या उदाहरणात भाडं ४४ लाख ५२ हजार, डिपॉझिट सहा महिन्यांचं म्हणजे ४ लाख २० हजार, त्यावर पाच वर्षांचं व्याज २ लाख १० हजार. शुल्क होतं सुमारे ११,७०० रुपये. ६० महिन्यांच्या पुढे गेलं की भाडेपट्ट्याचं शुल्क लागतं, म्हणूनच हे करार पाच वर्षांवर थांबतात. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं, आणि नोंदणी झाली नाही तर करारातल्या अटींबद्दल जागा वापरणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, जोपर्यंत मालक ते खोटं असल्याचं सिद्ध करत नाहीत. कसूर केली तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.